विश्लेषण : ‘आयईएलटीएस’मध्ये सात बँड, तरीही ग्लासगोतले व्याख्यान डोक्यावरून का जाते?

सप्टेंबरात ब्रिटनमधील विद्यापीठांची सत्रे सुरू होतात आणि महाराष्ट्रातून एमएससीसाठी गेलेल्या विद्यार्थ्यांचे घरी येणारे फोन पहिल्या पंधरवड्यात साधारण एकसारखे असतात. थंडी सोसते, स्वयंपाक जमतो, पण वर्गात सर काय बोलतात ते कळत नाही. ग्लासगो किंवा एडिंबरासारख्या स्कॉटलंडमधील शहरात गेलेल्यांच्या तोंडी तर ठरलेले वाक्य असते : ‘त्यांचे इंग्रजी इंग्रजी वाटतच नाही.’ ही तक्रार करणारा विद्यार्थी इंग्रजीत कच्चा असतो असे नाही. त्याने चार वर्षे अभियांत्रिकीची इंग्रजी पुस्तके वाचलेली असतात, प्रवेशासाठी लागणारी भाषेची परीक्षा चांगल्या गुणांनी दिलेली असते. मग अडते कुठे? दोष उच्चारांना दिला जातो. प्रत्यक्षात उच्चार हा या अडचणीचा सर्वांत लहान आणि सर्वांत लवकर सुटणारा भाग आहे.

परीक्षेतले आणि वर्गातले व्याख्यान यांत फरक काय?

‘आयईएलटीएस’ची श्रवण चाचणी सुमारे अर्ध्या तासाची, ४० प्रश्नांची आणि चार भागांची असते. ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते. शेवटच्या भागात एकाच वक्त्याचे शैक्षणिक विषयावरील भाषण असते, म्हणजे कागदावर ते व्याख्यानच. पण तिथे ऐकण्याआधी प्रश्न समोर असतात. उमेदवाराला कोणता शब्द, कोणती संख्या पकडायची हे ठाऊक असते. भाषण लिहून काढलेले, मुद्रणकक्षात वाचलेले, एकही वाक्य अर्धवट न सोडणारे असते.

वर्गात यातले काही नसते. प्राध्यापक फळ्याकडे वळून बोलतात, वाक्य मध्येच सोडून नवे सुरू करतात, मागच्या आठवड्याचा संदर्भ देतात, एखादा विनोद करतात आणि पुन्हा मुद्द्यावर येतात. यातले टिपायचे कोणते आणि सोडायचे कोणते, हे श्रोत्यालाच त्या क्षणी ठरवावे लागते. परीक्षेतील सात बँड हे शोधलेले उत्तर सापडते याचे प्रमाणपत्र आहे. काय शोधायचे हे ठाऊक नसताना सलग पन्नास मिनिटे ऐकता येते, असे ते सांगत नाही.

वेग खरोखर किती असतो?

स्टीव्ह टॉरोझा आणि डेस्मंड अ‍ॅलिसन यांनी १९९० मध्ये ब्रिटिश इंग्रजी बोलण्याचा वेग मोजला होता. गप्पांमध्ये तो मिनिटाला सुमारे २१० शब्द निघाला, तर व्याख्यानांत सुमारे १४०. म्हणजे व्याख्यान हा बोलण्याचा तुलनेने संथ प्रकार आहे. तरीही तो वेगवान का भासतो, हे साध्या हिशेबातून कळते.

मिनिटाला १४० या दराने ५० मिनिटांत ७,००० शब्द होतात. श्रोत्याला यातले ९५ टक्के शब्द ऐकताक्षणी ओळखता आले असे धरू. वाचनात हे प्रमाण बरे म्हणावे असे आहे. पण उरलेले पाच टक्के म्हणजे ३५० शब्द, मिनिटाला सात, दर आठ-नऊ सेकंदांना एक. अनोळखी शब्द आला की मन तिथे थबकते. ‘हा कोणता शब्द?’ या विचारात तीन सेकंद गेले तर दरम्यान आणखी सात शब्द निघून गेलेले असतात आणि ते ओळखीचे असूनही ऐकलेले नसतात. मग वाक्याचा धागा सुटतो आणि पुढचे वाक्यही अर्धवट हाती लागते. पुस्तकात डोळे मागे नेता येतात, कान मागे नेता येत नाहीत. वेग जास्त असल्याची भावना बहुतेक वेळा या थबकण्यातून येते.

स्कॉटिश उच्चार खरेच इतके अवघड आहेत का?

इथे एक गंमत आहे, जी जाणाऱ्यांना कोणी सांगत नाही. शिकलेल्या स्कॉटिश माणसाच्या इंग्रजीतले काही स्वर मराठी माणसाच्या इंग्रजीला लंडनच्या इंग्रजीपेक्षा जवळचे आहेत. ‘गो’ हा शब्द लंडनकर ‘गउ’सारखा वळवून म्हणतो. स्कॉटिश प्राध्यापक मात्र आपल्यासारखा सरळ ‘गो’ म्हणतात आणि ‘डे’ही सरळ ‘डे’. ‘कार्ड’, ‘वर्ड’, ‘नंबर’ यांतला ‘र’ लंडनमध्ये गिळला जातो, स्कॉटलंडमध्ये तो स्पष्ट ऐकू येतो. म्हणजे नांदेडच्या किंवा सांगलीच्या विद्यार्थ्याने शाळेत शिकलेला ‘र’ तिथे चालतो.

अडचणीची ठिकाणे मोजकी आहेत. पहिले म्हणजे ‘ट’. शब्दाच्या शेवटी, आणि सैल बोलण्यात शब्दाच्या मध्येही, ‘ट’ जिभेने उच्चारला जात नाही. घशात श्वास क्षणभर अडतो आणि सुटतो. ‘लिमिट’चा शेवट ऐकूच येत नाही, ‘वॉटर’ हा ‘वॉ-अर’ होतो. दुसरे, ऱ्हस्व ‘इ’ कधी ‘ए’कडे झुकते, त्यामुळे ‘फिल’ हा ‘फेल’सारखा वाटू शकतो. तिसरे, ‘पुल’ आणि ‘पूल’, ‘फुल’ आणि ‘फूल’ यांत स्वराचा फरक उरत नाही. चौथे ठिकाण उच्चाराचे नसून शब्दाचे आहे. ‘आउटविथ’ हा ‘च्या बाहेर’ या अर्थाचा शब्द स्कॉटलंडमध्ये प्राध्यापक सर्रास वापरतात, लेखनातही. इंग्लंडमध्ये तो जवळपास ऐकू येत नाही आणि भारतीय पाठ्यपुस्तकांत तर नाहीच. ‘आउटविथ द लिमिट’ ऐकणारा विद्यार्थी ‘विथ’ हा ओळखीचा शब्द पकडतो आणि ‘मर्यादेसह’ असा काहीतरी अर्थ लावतो. खरा अर्थ ‘मर्यादेबाहेर’ असतो.

बसमध्ये किंवा दुकानात ऐकू येणारी बोली यापेक्षा कितीतरी दाट असते. तिच्यावरून वर्गातल्या भाषेचा धसका घेऊ नये. प्राध्यापक वर्गात ती बोली सहसा बोलत नाहीत.

मग कान अडतो कुठे?

शब्द एकमेकांत मिसळण्याच्या आणि आक्रसण्याच्या जागी. हे लंडन, ग्लासगो, न्यूयॉर्क सगळीकडे होते. मराठीत शब्दातली अक्षरे साधारण सारख्या वजनाने येतात. इंग्रजीत काही अक्षरांवर जोर पडतो आणि बाकीची त्यांच्यामध्ये दाबली जातात. ‘व्हॉट वुई आर गोइंग टु डू’ हे कागदावर सहा शब्द आहेत. कानावर पडते ते ‘व्हॉट्वर गना डू’. यातला एकही शब्द अनोळखी नाही, फक्त विद्यार्थ्याने तो या रूपात कधी ऐकलेला नसतो.

इंग्रजी मातृभाषा असलेला श्रोता जोराच्या अक्षरापाशी नवा शब्द सुरू झाला असे धरून चालतो, कारण त्या भाषेतले बहुतेक अर्थवाही शब्द जोराच्या अक्षराने सुरू होतात. अ‍ॅन कटलर आणि डेनिस नॉरिस यांनी १९८८ मध्ये ही युक्ती प्रयोगाने दाखवली होती. मराठी कानाला ही सवय नसते. तो प्रत्येक अक्षराला सारखे महत्त्व देऊन सगळे पकडू पाहतो आणि दमतो.

सांख्यिकीच्या वर्गातले एक वाक्य घेऊ. प्राध्यापक सांगतात की या नमुन्यात विदा ‘नॉर्मल’ आहे असे गृहीत धरता येत नाही. इंग्रजीत ते ‘वुई कान्ट अस्यूम नॉर्मॅलिटी’. विद्यार्थी वहीत लिहितो, ‘कॅन अस्यूम’. कान तपासून घ्यावा इतकी ही चूक मोठी वाटते, पण ती सहज होते. स्कॉटिश इंग्रजीत ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांचा स्वर जवळजवळ एकच असतो आणि ‘कान्ट’मधला ‘ट’ घशात जातो. मराठी माणूस नकार शोधतो तो ‘ट’मध्ये, आणि तो तिथे नसतो.

फरक असतो जोरात. होकारार्थी वाक्यात ‘कॅन’ दाबून ‘कन’ होतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो : ‘वुई कन अस्यूम’, यात ‘स्यूम’ उठून दिसतो. नकारार्थी वाक्यात तो शब्द स्वतःच भरीव होतो आणि त्याच्यानंतर बारीकसा खंड पडतो : ‘वुई कान्– अस्यूम’. म्हणजे ‘ट’ ऐकू आला का हा प्रश्न चुकीचा, आधीचा शब्द जड होता की हलका हा बरोबर. हे कळल्यावरही शंका उरली तर पुढचे वाक्य साक्षीला येते. प्राध्यापक लगेच मान-व्हिटनीसारख्या क्रमांकावर आधारित चाचणीकडे वळले तर आधीचे वाक्य नकाराचेच होते, कारण ‘नॉर्मल’ गृहीत धरता आले असते तर सहसा ‘टी’ चाचणी आली असती. विषयाचे ज्ञान कानाची चूक दुरुस्त करते ते असे. म्हणूनच ज्याने धडा आधी चाळला आहे त्याला तेच व्याख्यान सोपे ‘ऐकू’ येते.

संख्यांचेही असेच. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’मध्ये शेवटचा ‘न’ शोधत बसण्यापेक्षा जोर मागच्या अक्षरावर आहे की पहिल्या, हे ऐकावे. पण ‘फिफ्टीन पर्सेंट’सारख्या जोडीत जोर कधी पुढे सरकतो, त्यामुळे आकडा पडद्यावर पाहून घेतलेलाच बरा.

कान जुळायला किती वेळ लागतो?

कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांनी २००४ मध्ये इंग्रजी मातृभाषकांना परक्या धाटणीचे इंग्रजी ऐकवले. सुरुवातीला त्यांची समज मंदावली, पण मिनिटभरातच ती बरीचशी सावरली. मातृभाषक नसलेल्याला जास्त वेळ लागतो हे उघड आहे. तरी मुद्दा असा की कान एखाद्या माणसाच्या बोलण्याशी जुळवून घेतो, आणि कशाने लवकर जुळतो हेही तपासले गेले आहे.

होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन यांचा २००९ चा प्रयोग या विषयाला थेट लागू पडतो. त्यांनी डच विद्यार्थ्यांना सुमारे २५ मिनिटे स्कॉटिश किंवा ऑस्ट्रेलियन इंग्रजीतली दृश्ये दाखवली. स्कॉटिशसाठी ‘ट्रेनस्पॉटिंग’ हा चित्रपट होता. काहींना खाली इंग्रजी अक्षरे दिली, काहींना डच भाषांतर, काहींना काहीच नाही. नंतर त्याच वक्त्यांची नवी वाक्ये ऐकवून ती पुन्हा म्हणायला लावली. इंग्रजी अक्षरे वाचलेल्यांना नवी वाक्ये अधिक चांगली कळली. डच भाषांतर वाचलेल्यांचे मात्र नव्या वाक्यांत काहीही न वाचलेल्यांपेक्षाही नुकसान झाले. कारण समजण्यासारखे आहे. कानावर पडलेला विचित्र आवाज कोणत्या इंग्रजी शब्दाचा आहे, हे इंग्रजी अक्षरे त्याच क्षणी सांगतात आणि कान धडा घेतो. भाषांतर अर्थ देते, पण आवाज आणि शब्द यांची गाठ मारत नाही.

आपल्याकडे सराव म्हणून इंग्रजी मालिका हिंदी उपशीर्षकांसह पाहिल्या जातात. कथा कळते, कानाचे शिक्षण होत नाही. विद्यापीठात बहुतेक व्याख्याने ध्वनिमुद्रित होतात आणि त्याखाली इंग्रजी अक्षरेही येतात. ती यंत्राने उमटवलेली असतील तर पारिभाषिक शब्दांत हमखास चुकतात. त्यामुळे ती सरावासाठी घ्यावीत, वहीत उतरवण्यासाठी नव्हे.

ध्वनिफीत संथ करून ऐकण्याचा उपायही अनेक जण करतात. पाऊणपट वेगाने विचाराला थोडी उसंत मिळते, हे खरे. पण ‘गना’ संथ केला तरी तो ‘गना’च राहतो, त्याचा ‘गोइंग टु’ होत नाही. गिळलेला ‘ट’ परत येत नाही. एखादा अवघड तुकडा एकदा संथ ऐकून लगेच मूळ वेगाने ऐकावा. सगळे व्याख्यान संथ ऐकण्याची सवय लागली तर वर्गात बसणे आणखी कठीण होते.

आपली अडचण कोणती, हे कसे ओळखायचे?

एका ध्वनिमुद्रित व्याख्यानातला तीस सेकंदांचा तुकडा घ्यावा, म्हणजे साधारण ७० शब्द. दोनदा ऐकून जे ऐकू आले ते जसेच्या तसे लिहावे, मग खालच्या इंग्रजी अक्षरांशी ताडून पाहावे. निसटलेल्या प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायचा : हा शब्द वाचला असता तर कळला असता का? समजा बारा शब्द निसटले आणि त्यातले नऊ वाचून सहज कळणारे निघाले. मग शब्दसंग्रह वाढवण्यात वेळ घालवणे व्यर्थ आहे, गरज इंग्रजी अक्षरांसह ऐकण्याची आहे. बारांपैकी आठ वाचूनही कळत नसतील तर प्रश्न कानाचा नाही, विषयाच्या परिभाषेचा आहे आणि त्याला उपाय आदल्या रात्रीचा आहे. सगळे शब्द बरोबर लिहिले, तरी प्राध्यापक म्हणत काय होते हे सांगता आले नाही, असेही होते. तेव्हा व्याख्यानाआधी धड्याचा आराखडा ठाऊक नव्हता असे समजावे. तिघांनाही एकच ‘इंग्रजी सुधारा’ हा सल्ला देणे म्हणजे ताप, खोकला आणि मोडलेल्या हाताला एकच गोळी देण्यासारखे आहे.

आदल्या रात्रीचे काम फार नसते. दुसऱ्या दिवशीची पाने बहुधा आधीच दिलेली असतात. त्यातून दहा-पंधरा पारिभाषिक शब्द निवडून प्रत्येकाचा उच्चार शब्दकोशात ऐकावा. इथे मराठी विद्यार्थ्याच्या हाती एक साधन आहे, ते म्हणजे देवनागरी. ऐकलेला उच्चार देवनागरीत लिहून जोराच्या अक्षराखाली रेघ मारावी. आपण ‘पॅरामीटर’ म्हणतो, पण तिथे जोर दुसऱ्या अक्षरावर असतो आणि ऐकू येते ‘परॅमिटर’. आपण ‘डिटरमाइन’ म्हणतो, ते ‘डिटर्मिन’ म्हणतात. ‘अ‍ॅनालिसिस’चे ‘अनॅलिसिस’ होते. चार वर्षे वापरलेले हे शब्द, पण चुकीच्या आवाजाने मनात बसलेले. म्हणून वर्गात ते अनोळखी म्हणून येतात आणि थबकायला लावतात.

वहीचे आणि ध्वनिमुद्रणाचे काय?

पन्नास मिनिटांचे व्याख्यान थांबत-थांबत पुन्हा ऐकायला सहज दोन तास लागतात. आठवड्याला आठ व्याख्याने असतील तर सोळा तास झाले, आणि एमएससी अवघ्या एका वर्षाचे, पहिल्या सत्राचे शिकवणे दहा-अकरा आठवड्यांत संपते. पहिल्या महिन्यात सगळे पुन्हा ऐकणारे विद्यार्थी दुसऱ्या महिन्यात नव्या व्याख्यानांच्या मागे पडतात, हे अनेकांच्या बाबतीत दिसते. त्यापेक्षा वर्गात धागा सुटला की वहीत जागा मोकळी सोडून समासात घड्याळातली वेळ लिहावी. १०.२३ असे लिहिले आणि मुद्रण १०.०५ ला सुरू झाले असेल तर सतरा-अठरा मिनिटांपाशी तो तुकडा सापडतो. संध्याकाळी तेवढेच ऐकावे.

विचारण्याचीही रीत आहे. महाराष्ट्रातल्या वर्गातून आलेला विद्यार्थी सरांना मध्येच थांबवत नाही आणि नंतर गेलाच तर ‘पुन्हा समजावता का’ असे म्हणतो. त्यावर प्राध्यापक तेच, त्याच वेगाने पुन्हा सांगतात. ‘नॉर्मॅलिटी गृहीत धरता येते म्हणालात की येत नाही?’ असा नेमका प्रश्न विचारला तर एका शब्दात उत्तर मिळते.

वर्गात सगळेच स्कॉटिश नसतात, मग?

ब्रिटनच्या विद्यापीठांत ग्रीक, चिनी, इटालियन प्राध्यापक भरपूर आहेत आणि त्यांच्याबद्दल तक्रार आधीच तयार असते. इथे डोनाल्ड रुबिन यांचा १९९२ चा अमेरिकेतला प्रयोग आठवावा. एकाच अमेरिकी स्त्रीच्या आवाजातले व्याख्यान काहींना गोऱ्या चेहऱ्याच्या, तर काहींना आशियाई चेहऱ्याच्या छायाचित्रासह ऐकवले. आशियाई चेहरा पाहिलेल्यांना नसलेले परके उच्चार ऐकू आले आणि व्याख्यानही कमी कळले. ऐकायच्या आधीच ‘कळणार नाही’ असे ठरवण्याची किंमत श्रोत्याच्या समजेतून वसूल होते, आणि भारतीय विद्यार्थी त्याला अपवाद असण्याचे कारण नाही. उलट इंग्रजी मागाहून शिकलेला वक्ता शब्द कमी गिळतो, त्यामुळे त्याच वाटेने आलेल्या श्रोत्याला तो अनेकदा मातृभाषकाइतकाच कळतो.

इथली तयारी कुठे चुकते?

परदेशी पाठवणारे मार्गदर्शन वर्ग ‘अ‍ॅक्सेंट ट्रेनिंग’ विकतात आणि त्यात विद्यार्थ्याचे बोलणे घासून-पुसून घेतले जाते. पण पहिल्या सत्रात त्याला बोलावे लागते थोडे आणि ऐकावे लागते अपार. इथल्या महाविद्यालयांत वर्ग कागदोपत्री इंग्रजी माध्यमाचा असतो, समजावणे मराठी-हिंदीत होते आणि इंग्रजी उरते ते फळ्यावरच्या व्याख्यांपुरते. त्यात शिक्षकांचा हेतू चांगलाच असतो, कारण विषय त्यामुळेच कळतो. पण चार वर्षांत सलग पन्नास मिनिटे इंग्रजी ऐकण्याची वेळच येत नाही, इंग्रजी शाळेत शिकलेल्यांवरही नाही. ‘एनपीटीईएल’वर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट उपलब्ध आहेत. त्यात बंगाली धाटणीचे इंग्रजी आहे, तमिळ धाटणीचे आहे. प्रवेशपत्र हाती आल्यापासून विमानात बसेपर्यंत बहुधा तीन-चार महिने मिळतात. आपल्याच विषयाचे एक व्याख्यान रोज, इंग्रजी अक्षरांसह आणि मूळ वेगाने ऐकायला तेवढे पुरतात. शेवटच्या महिन्यात अक्षरे बंद करून ऐकावे.